भाजीचा उतारा: निवडून, सोलून हाती काय लागतं आणि ते कितीला पडतं

साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात. गाळलेल्या उसातून साखर किती टक्के निघाली, त्यावर सगळी गणितं चालतात. स्वयंपाकघरात भाजीचा उतारा काढायची पद्धत मात्र फारशी नाही. आपण भाव विचारतो, घासाघीस करतो, पिशवी घरी आणतो आणि त्यातली कधीकधी जवळजवळ निम्मी भाजी केराच्या टोपलीत टाकून उरलेली शिजवतो. भाव मात्र डोक्यात पिशवीचाच राहतो.

मी पुण्यात घरगुती डबे करते, रोजचे चाळीसच्या आसपास. पहिल्या वर्षी फ्लॉवरच्या भाजीने माझी फजिती केली. एका डब्यात साधारण 100 ग्रॅम कच्चा, साफ केलेला फ्लॉवर जावा असा माझा हिशोब, म्हणजे चाळीस डब्यांना 4 किलो. पानं आणि दांडे मिळून फ्लॉवरचा जवळपास निम्मा भाग जातो, हे मी आधी एकदा मोजलं होतं. घट 48 टक्के आली होती. म्हणून मी 4 किलोवर 48 टक्के वाढवले आणि 6 किलोला थोडा कमी, म्हणजे 5.92 किलो फ्लॉवर आणला. साफ करून तुरे काट्यावर ठेवले तर 3 किलो 80 ग्रॅम! नऊ डब्यांची भाजी कमी. त्या दिवशी बटाटे घालून वेळ मारून नेली. पण चूक कुठे झाली ते कळायला संध्याकाळ उजाडली.

चूक साधी होती. 48 टक्के घट आणलेल्या वजनावर धरायची असते, हव्या असलेल्या वजनावर नव्हे. जास्तीच्या फ्लॉवरलाही पानं असतात, त्याचीही निम्मी घट होते. म्हणून टक्के वाढवायचे नाहीत, उताऱ्याने भागायचं. घट 48 म्हणजे उतारा 52 टक्के. 4 भागिले 0.52, उत्तर 7.7 किलो. घट जेमतेम 10 टक्के असेल, कांद्यासारखी, तर वाढवलं काय आणि भागलं काय, फरक जाणवत नाही. घट जशी वाढते तशी ही चूक फुगत जाते, आणि ती नेमकी महागाच्या भाज्यांत नडते.

उतारा कसा काढायचा

लागतो तो एक डिजिटल काटा, 10 किलोपर्यंत वजन घेणारा आणि निदान 5 ग्रॅमचा फरक दाखवणारा. तो खरा बोलतो का, हे आधी तपासून घ्या. रिकामं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात मापाने 1 लिटर पाणी ओता. आकडा 1 किलोच्या अगदी जवळ यायला हवा. माझा जुना काटा 40 ग्रॅम कमी दाखवायचा आणि मी सहा महिने भाजीवाल्यावर संशय घेत होते.

मोजायच्या आधी एक गोष्ट ठरवा: या भाजीत आपल्या दृष्टीने कामाचं काय? हे पदार्थावर ठरतं. फ्लॉवरची सुकी भाजी करायची तर तुरे आणि त्यांचे कोवळे देठ. पावभाजीसाठी उकडून मॅशच करायचा असेल तर मधला दांडासुद्धा सोलून चालतो. मेथीच्या भाजीत कोवळ्या काड्या जातात, पराठ्यात फक्त पानं बरी लागतात. म्हणजे एकाच जुडीचे दोन उतारे होऊ शकतात आणि दोन्ही खरे असतात. म्हणूनच छापील तक्त्यातला खाण्यायोग्य भागाचा आकडा अंदाजापुरता बरा. आपला आकडा आपल्या विळीवरच काढावा लागतो.

मग पिशवीतून काढलेली भाजी जशीच्या तशी तोला. सुतळी, रबर, आत घातलेला ओला कागद आधी बाजूला काढा, पण मुळांची माती राहू द्या, कारण तिचेही पैसे दिलेत. निदान दोन-अडीच किलोवर प्रयोग करा. पावशेर भाजीत 10 ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी उतारा चार टक्क्यांनी हलतो.

साफ नेहमीसारखी करा आणि रोज जे माणूस करतं त्यालाच करू द्या. उतारा काढायचा म्हणून मी स्वतः बसून जपून बटाटे सोलले आणि सुंदर आकडा काढला, तो काय कामाचा? बटाटे रोज आमच्या मावशी सोलतात. त्यांना सुरी हातची, त्यामुळे साल जाड निघते. 10 किलो बटाट्यांतून त्यांच्या सुरीने 7.9 किलो निघाले. सोलाण्याने त्यांनीच सोलले तेव्हा 8.6 किलो. तेव्हा बटाटा 26 रुपये किलो होता. सुरीने तो पडला 32 रुपये 90 पैशांना, सोलाण्याने 30 रुपये 20 पैशांना. मी आठवड्याला 20 किलो बटाटे आणते, म्हणजे सव्वा किलोहून जास्त बटाटा सालांबरोबर जात होता. मावशींना दोन सोलाणी आणून दिली. आधी त्या कुरकुरल्या, "ताई, याने हात चालत नाही माझा," म्हणाल्या. आता सुरी शोधतही नाहीत.

साफ झालेल्या भाजीचं वजन करा, आणि जे टाकायचं त्याचंही. हे दुसरं वजन बहुतेक जण करत नाहीत, पण सगळी पडताळणी त्यावरच आहे. साफ भाजी आणि कचरा यांची बेरीज आणलेल्या वजनाइतकी यायला हवी. एखादा टक्का कमी आला तर चालतं, थोडं पाणी सुकतं, काही विळीला चिकटतं. तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर काहीतरी चुकलंय: एखादं पातेलं तोलायचं राहिलं, काटा शून्यावर आणला नाही, नाहीतर कुणीतरी मधेच मूठभर दाणे खाल्ले. बेरीज आणलेल्या वजनापेक्षा जास्त आली तर कारण जवळजवळ नेहमी पाणी असतं. त्याबद्दल पुढे सांगते.

माझ्या त्या फ्लॉवरचा नंतरचा नीट हिशोब असा निघाला. तीन गड्डे, 2.5 किलो. पानं 680 ग्रॅम, दांडे 470, काळे पडलेले तुकडे 40, आणि तुरे 1,300 ग्रॅम. बेरीज 2,490, म्हणजे फक्त 10 ग्रॅमचा फरक. मोजणी विश्वासार्ह. 1,300 भागिले 2,500, उतारा 52 टक्के.

खरा भाव

आता भाव. बाजारभाव भागिले उतारा. फ्लॉवर 30 रुपये किलो होता. 30 भागिले 0.52, म्हणजे 57 रुपये 70 पैसे. डब्यात जाणारा फ्लॉवर या भावाचा आहे. मी त्याला साफ भाव म्हणते.

साफ भाव हाती आला की बाजारातले काही प्रश्न चटकन सुटतात. आमच्याकडे एक भाजीवाला पानं काढून, दांडा आखूड छाटून फ्लॉवर विकतो, 45 रुपये किलो. पानांसकट मिळतो 30 ला. दीडपट भाव ऐकून मी कधी त्याच्याकडे वळलेच नव्हते. एकदा आणून मोजला. छाटलेल्या गड्ड्याचा उतारा 75 टक्के आला, साफ भाव 60 रुपये. म्हणजे दीडपट वाटणारा भाव प्रत्यक्षात सव्वादोन रुपयांनी महाग. वर पिशवी हलकी, पानांचा ढीग नाही, आणि गड्डा आतून कसा आहे ते उघड दिसतं. घाईच्या दिवशी मी आता तिथूनच घेते.

दांडे वापरले तर? 470 ग्रॅम दांड्यांपैकी जाड साल काढून 200 ग्रॅम गाभा कामाचा निघतो. मग साफ माल दीड किलो, उतारा 60 टक्के, साफ भाव 50 रुपये. कागदावर हे फार छान दिसतं. पण तो गाभा खरोखर पोटात जाणार असेल तरच हा आकडा धरा. "कधीतरी सूप करू" म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेले दांडे चार दिवसांनी टाकले जातात, आणि हिशोबात मात्र भाजी स्वस्त दिसत राहते. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांचं वाटण यांचंही तेच. जे नियमाने वापरता ते साफ मालात धरा. जे मनात येईल तेव्हा वापरता ते कचऱ्यात धरा, वापरलं गेलं तर नफा समजा.

हे सगळं वहीत लिहिलं तरी चालतं. मी मोबाईलवरच्या शीटमध्ये लिहिते. A मध्ये भाजी, B मध्ये आणलेलं वजन, C मध्ये साफ वजन, D मध्ये मोजलेले पैसे. मग पुढची तीन घरं अशी:

```
E2:  =C2/B2
F2:  =D2/C2
G2:  =B2/C2
```

E म्हणजे उतारा, F म्हणजे साफ भाव. G सर्वांत कामाचा आहे: 1 किलो साफ भाजीसाठी किती किलो आणायची तो गुणक. फ्लॉवरचा 1.92. बाजारात उभं राहून भागाकार करत बसायचं नाही, 4 किलो हवा तर 4 ला 1.92 ने गुणायचं. माझ्या नेहमीच्या दहा भाज्यांचे गुणक एका कागदावर लिहून तो पिशव्यांच्या खुंटीजवळ चिकटवला आहे.

एकाच मोजणीवर विसंबू नका, तीनदा तरी मोजा. पण सरासरी काढताना टक्क्यांची सरासरी काढू नका. समजा एकदा 2 किलो भाजीचा उतारा 40 टक्के आला आणि एकदा 10 किलोचा 50. टक्क्यांची सरासरी 45 येते. प्रत्यक्षात 12 किलोतून 5.8 किलो माल निघालाय, म्हणजे 48 टक्क्यांहून थोडा जास्त. आणलेली वजनं वेगळी मिळवा, साफ वजनं वेगळी मिळवा, मग भागा.

मेथी, आणि पाण्याची लबाडी

पालेभाजी जुडीवर मिळते. मार्केट यार्डातही पालेभाज्यांचे भाव शेकडा जुडीवर निघतात, इतर फळभाज्यांचे 10 किलोवर. त्यामुळे मेथीला किलोचा भाव असा नसतोच आणि लोक हिशोब सोडून देतात. खरं तर इथे हिशोब आणखी सोपा आहे. किती पैसे दिले आणि किती साफ पाला निघाला, बस. जुडीचं मूळ वजन माहीत नसलं तरी साफ भाव निघतो.

मी 10 जुड्या घेतल्या, 15 रुपयांप्रमाणे 150 रुपये. आणल्या तशा, मुळांसकट, भरल्या 3.2 किलो. निवडून पानं आणि कोवळ्या काड्या निघाल्या 1,520 ग्रॅम. 150 भागिले 1.52, साफ मेथी पडली जवळपास 99 रुपये किलो. बाजारात मेथी म्हणजे स्वस्त भाजी, पण या आकड्यानुसार ती पानांसकटच्या फ्लॉवरपेक्षा पावणेदोन पट महाग आहे. एका जुडीतून सरासरी 152 ग्रॅम पाला, म्हणजे 1 किलोला साडेसहा जुड्यांहून थोड्या जास्त. मी 7 धरते.

लबाडी होते ती धुताना. त्याच 1,520 ग्रॅम पाल्याला तीन पाणी देऊन, चाळणीत निथळून मी पुन्हा तोललं तर 1,800 ग्रॅम भरलं. पाव किलोहून जास्त नुसतं पाणी! या वजनाने उतारा काढला तर तो 56 टक्के येतो. खरा आहे साडेसत्तेचाळीस. म्हणून नियम एकच: निवडल्यावर, धुण्याआधी तोलायचं. फ्लॉवर अळ्यांसाठी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या आधी, बटाटे काळे पडू नयेत म्हणून पाण्यात टाकायच्या आधी. भाजी मातकट असल्यामुळे आधी धुवावीच लागली, तर फडक्यावर पसरून वरचं पाणी जाऊ द्या आणि मग तोला.

पाणी उलट्या बाजूनेही येतं. जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर पाणी मारलेलं असतं. आणलेलं वजन त्याने फुगतं, त्यामुळे त्या दिवसाचा उतारा कमी दिसतो. जुडीवर घेतलेल्या भाजीत पैशांचा हिशोब याने बिघडत नाही, कारण पैसे जुडीचे दिलेत. किलोवर घेतलेल्या भाजीत मात्र ते पाणी तुम्ही विकत घेतलेलं असतं, तेव्हा ते आणलेल्या वजनात धरणंच बरोबर. एक पथ्य पाळा, दुपारी सुकलेल्या मेथीचा आणि पहाटेच्या ओल्या मेथीचा उतारा एकाच रकान्यात घालू नका.

आणि शिजल्यावर मेथी आळते ती गोष्ट वेगळी. कढईभर पाला वाटीभर होतो, ते पाणी उडाल्यामुळे. ती घट यात मिसळू नका. निवडण्यातली घट हा पैशांचा प्रश्न आहे, आळणं हा वाढपाचा. दोन्ही एकत्र केलं की भाव कशामुळे चढला ते कधीच कळत नाही.

मटार: मजुरी धरली की काय होतं

मटारात उतारा, हंगाम आणि माणसाचा वेळ असं सगळं एकत्र येतं, म्हणून त्याच्यावर जरा थांबते.

जानेवारीत 40 रुपये किलोने 5 किलो शेंगा घेतल्या. दाणे निघाले 2,350 ग्रॅम, टरफलं 2,600. बेरीज 4,950, म्हणजे एक टक्का फरक, ठीक. उतारा 47 टक्के, साफ भाव 85 रुपये. फ्रोजन मटार तेव्हा मला 1 किलोच्या पाकिटाला 120 रुपयांना मिळत होता. 85 विरुद्ध 120, प्रश्नच मिटला असं वाटतं.

पण आधी पाकीटही तोलून घेऊ. फ्रोजनला उतारा नसतो असं आपण धरतो. मी पाकीट चाळणीत ओतलं, दाण्यांवरचं हिम वितळून पाणी निघून गेल्यावर दाणे भरले 960 ग्रॅम. म्हणजे उतारा 96, साफ भाव 125 रुपये. दर पाकिटाला असंच होतं असं नाही. फ्रीजर मधून मधून बंद पडलेल्या दुकानातलं पाकीट असेल तर आत बर्फाचे गोळे जमतात. हाताला पाकिटात दाणे सुटे लागले तर घ्या, ढेकूळ लागलं तर ठेवा.

आता वेळ. मावशींना 1 किलो शेंगा सोलायला 20 मिनिटं लागतात, मी मोबाईल लावून मोजलं. त्यांना तासाचे 60 रुपये पडतात असं धरलं तर एका किलो शेंगांमागे मजुरी 20 रुपये. इथे लोक पुन्हा घसरतात, ते साफ भाव काढून त्यात 20 मिळवतात: 85 अधिक 20, 105. पण मजुरी किलो शेंगांवर दिली आहे, किलो दाण्यांवर नव्हे. सोललेल्या प्रत्येक किलोतून अर्धा किलोही नाही, 470 ग्रॅमच दाणे येतात. म्हणून मजुरी आधी भावात मिळवायची आणि मग भागायचं. 40 अधिक 20 म्हणजे 60. 60 भागिले 0.47, म्हणजे 127 रुपये 70 पैसे.

फ्रोजन 125. पारडं फिरलं, थोडक्यात का होईना.

हाच हिशोब उलटा केला की शेंगा कितीपर्यंत घ्यायच्या ते कळतं. फ्रोजनचा साफ भाव 125 गुणिले 0.47, म्हणजे पावणेएकोणसाठ. त्यातून मजुरीचे 20 वजा केले तर उरतात पावणेएकोणचाळीस. शेंगा 38 रुपयांपर्यंत असतील तर सोलून घेणं परवडतं, त्यावर गेल्या तर पाकीट बरं. घरात रात्री मालिका बघत चारजण परातीभोवती बसून मटार सोलणार असतील तर मजुरी शून्य, आणि मर्यादा 58 रुपयांवर जाते. म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला जो भाव स्वस्त, तो डबेवालीला महाग असू शकतो. दोघींचाही हिशोब बरोबरच असतो.

उतारा मात्र सगळ्या हंगामात 47 राहत नाही. हंगामाच्या सुरुवातीला शेंगा मोठ्या दिसतात पण चपट्या असतात, आत दाणे बारीक. अशा शेंगांचा उतारा मला 38 मिळाला आहे. त्याच 40 च्या भावाने आणि त्याच मजुरीने दाणे पडतात 158 रुपयांना. भाजीवाल्याने एक रुपयाही वाढवलेला नसतो, पण किलोमागे 30 रुपये जास्त गेलेले असतात. भरलेली शेंग दाबल्यावर घट्ट लागते, दाण्यांचे उंचवटे बाहेरून मोजता येतात. चपटी शेंग दाबली की आत हवा असल्यासारखी बसते. खात्री करायची तर आधी पाव किलो घ्या, तिथेच ओट्यावर सोलून त्याच्या काट्यावर दाणे ठेवा. नेहमीचा भाजीवाला असेल तर नाही म्हणत नाही. आमचा म्हणतो, "ताई, तुम्ही भाजी घेता का परीक्षा?" पण काटा सरकवतो. 115 ग्रॅमच्या पुढे दाणे भरले तर माल चांगला. शंभराच्या आत आले तर भाव पाडून मागा, नाहीतर पुढच्या आठवड्यात या. पाव किलोवरचा आकडा ढोबळ असतो, घ्यावं की नाही एवढंच त्यावर ठरवायचं, वहीत लिहायचा नाही.

हंगाम संपताना उलटं होतं. दाणे टपोरे होतात, उतारा वाढलेला दिसतो, पण दाणा पिठूळ आणि जून झालेला असतो. भाजीत तो मऊ होत नाही, डबा परत येतो. आकडा चांगला आला म्हणून फसू नका. जून दाणे निवडून बाजूला काढले आणि ते कचऱ्यात धरले की खरा उतारा लगेच खाली येतो.

कुठल्या भाज्यांना हे सगळं करायचं

सगळ्यांना नाही. कांदा, वांगी, भेंडी, घेवडा यांचा उतारा माझ्याकडे साधारण 85 ते 92 च्या दरम्यान राहतो आणि वर्षभर फार हलत नाही. एकदा मोजा, गुणक लिहा, सोडून द्या. भेंडी तेवढी हाताने शेंडा मोडून घ्या. कटकन मोडली तर कोवळी, वाकली तर जून, आणि जून भेंडीचा उतारा निम्म्यावर कधी येईल सांगता येत नाही. कोबी, दुधी, गाजर, बटाटा 80 ते 87. यांच्यात फरक पडतो तो साल काढणाऱ्या हाताने आणि मालाच्या आकाराने. बारीक बटाट्याला सालच जास्त, त्यामुळे दोन-चार रुपये स्वस्त मिळतो तेव्हा भागाकार करून बघावा.

दरवेळी लक्ष ठेवायच्या भाज्या म्हणजे ज्यांचा उतारा 60 च्या खाली आहे: मटार, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर, दाण्यासाठी घेतलेल्या तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, कच्चा फणस. यांच्यात उताऱ्याचे पाच टक्के हलले की साफ भाव दहा टक्क्यांच्या आसपास हलतो. वरच्या कांद्या-वांग्यात तेच पाच टक्के हलले तर भाव सहा टक्क्यांच्या आसपासच हलतो. म्हणून वेळ तिथे घालवावा. मी या भाज्या हंगाम बदलला की पुन्हा तोलते. मटार तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी.

पावसाळ्यात एक रकाना वाढतो. तेव्हा घट सोलण्यात कमी आणि सडण्यात जास्त असते. गुरुवारी आणलेल्या मेथीतली शनिवारी पिवळी पडलेली पानं, मोड आलेला कांदा, आतून काळा निघालेला फ्लॉवर. पहिल्या दिवशी काढलेल्या उताऱ्यात हे दिसत नाही. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर मी साफ वजन आणल्या दिवशी घेत नाही, शिजवायला घेते त्या दिवशी घेते. गेल्या पावसाळ्यात तसं मोजलं तेव्हा कोथिंबीर 44 वरून 31 टक्क्यांवर आली. तेव्हापासून ती मी आठवड्याची एकदम घेत नाही, रोज दोन जुड्या कोपऱ्यावरून आणते. जुडीमागे 5 रुपये जास्त देऊन.